प्लेट चिलरच्या कोटेशनमागचा डिझाइन डेटा व्हेंडरकडे ईमेलने कसा मागायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दूध केंद्रांत आणि छोट्या प्रक्रिया कारखान्यांत नव्याने लागलेल्या इंजिनिअर मुलामुलींसाठी हे पान आहे. 'कोटेशन आलंय, बघून घे' एवढंच सांगून साहेब मीटिंगला निघून जातात आणि पुढचं सगळं आपल्यावर पडतं. सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच घेतलं आहे: यावल तालुक्यातलं एक दूध शीतकरण केंद्र, तासाला १०,००० लिटर दूध, ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं, आणि थंडावा आइस बँक टाकीतल्या पाण्याचा. व्हेंडर पुण्याचा आहे.

कोटेशनमध्ये मॉडेल, प्लेटांची संख्या, मटेरियल, किंमत, डिलिव्हरी सगळं आहे. मग 'डिझाइन डेटा नाही' असं का म्हणायचं?

कारण या सगळ्यावरून यंत्र कसं दिसेल ते कळतं, दूध किती थंड होईल ते कळत नाही. आपल्या उदाहरणातल्या कोटेशनची मुख्य ओळ अशी होती: 'दूध चिलर, क्षमता १०,००० लिटर प्रति तास, ३५ ते ४ अंश, ५२ प्लेटा, एसएस ३१६, नायट्राइल गॅस्केट.' वाचताना काही राहिलंय असं वाटत नाही. पण थंड पाणी किती अंशांचं धरलं, तासाला किती धरलं, उष्णता वहनाचा गुणांक किती धरला, मळ बसण्यासाठी जागा ठेवली की नाही, दुधाच्या पंपाला किती दाब खर्चावा लागेल, यातलं एकही त्यात नाही. '३५ ते ४ अंश' हे वाक्य आपल्याच चौकशीपत्रातून उचलून परत आपल्यालाच पाठवलेलं असतं.

व्हेंडरची लबाडीच असते असं नाही. आपण चौकशी पाठवतानाच 'दहा हजार लिटरचा चिलर द्या' असं लिहिलं असेल, तर त्याने मनाने काही आकडे धरून प्रोग्राम चालवलेला असतो. ते धरलेले आकडे बाहेर काढणं हेच या ईमेलचं काम.

ईमेल लिहिण्याआधी स्वतः काय हिशोब करायचा?

एका कागदावर मावेल एवढाच. आधी उष्णतेचा भार. १०,००० लिटर दूध म्हणजे साधारण १०,३०० किलो, म्हणजे सेकंदाला २.८६ किलो. दुधाची विशिष्ट उष्णता ३.९ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरा. ३१ अंशांची घट करायची आहे, म्हणून भार येतो सुमारे ३४६ किलोवॅट.

मग पाणी. दूध चिलिंगमध्ये दुधाच्या तिप्पट थंड पाणी फिरवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून तासाला ३०,००० लिटर धरू. पाणी १ अंशावर आत आलं, तर हा भार घेऊन ते १०.९ अंशांवर बाहेर पडेल. आता दोन्ही टोकांचं अंतर बघा: गरम टोकाला ३५ वजा १०.९ म्हणजे २४.१ अंश, थंड टोकाला ४ वजा १ म्हणजे फक्त ३ अंश. यांची लॉगरिदमिक सरासरी, म्हणजे एलएमटीडी, १०.१ अंश येते.

आता क्षेत्रफळ. त्या मॉडेलच्या कॅटलॉगमध्ये एका प्लेटचं क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर दिलेलं आहे. प्लेटा ५२ असल्या तरी दोन्ही टोकांच्या प्लेटांना एकाच बाजूने द्रव लागतो, त्यामुळे कामाच्या प्लेटा ५० आणि क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. एवढं मिळालं की उलटा हिशोब करायचा:

```
U = Q / (A × LMTD) = 346000 / (9.0 × 10.13) ≈ 3795
```

म्हणजे कोटेशनमधलं यंत्र दिलेलं काम करायचं असेल, तर यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता वहनाचा गुणांक, ३,८०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंशाच्या आसपास असायलाच हवी. दूध आणि पाणी अशा जोडीला डिझाइनसाठी २,५०० ते ३,५०० च्या दरम्यान धरलेली मी जास्त पाहतो. कोऱ्या, स्वच्छ प्लेटांवर ३,८०० मिळणं अशक्य नाही, पण कायमचा आकडा म्हणून तो ताणलेला वाटतो. शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. आरोप करायला मात्र पुरेसं नाही, कारण व्हेंडरने पाणी जास्त धरलं असेल किंवा प्लेटचं क्षेत्रफळ दुसऱ्या पद्धतीने मोजलं असेल, हे अजून आपल्याला ठाऊक नाही.

मग नेमकं काय मागायचं? मला कुणीतरी चाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट दिली आहे.

ती बाजूला ठेवा. चाळीस प्रश्न पाठवले की व्हेंडरचा माणूस त्यातल्या सोप्या तीसांची उत्तरं देतो, आणि नेमके जे दहा हवे होते ते 'अॅज पर स्टँडर्ड' मध्ये जातात. कसोटी सोपी आहे: ज्या आकड्यांवरून कोटेशनमधल्या प्लेटांची संख्या आपल्याला पुन्हा काढता येईल, तेवढेच मागायचे.

त्यात पहिलं येतं थंड पाण्याचं तापमान आणि प्रवाह, जो त्याने धरला तो. दुसरं, स्वच्छ प्लेटांची यू-व्हॅल्यू आणि डिझाइनला धरलेली यू-व्हॅल्यू, दोन्ही वेगवेगळ्या. या दोहोंतला फरक म्हणजेच मार्जिन. एकच आकडा आला तर तो स्वच्छ प्लेटांचा समजायचा. तिसरं, दोन्ही बाजूंचा प्रेशर ड्रॉप. चौथं, पासची मांडणी, म्हणजे दूध किती वेळा वळतं आणि पाणी किती वेळा. पाणी तिप्पट असल्यामुळे दुधाला चार पास आणि पाण्याला दोन अशी मांडणी बऱ्याचदा येते, आणि मग काही वाहिन्यांत दोन्ही द्रव एकाच दिशेने वाहतात. तसं झालं की वरची १०.१ अंशांची एलएमटीडी पूर्ण मिळत नाही, थोडी कापली जाते. व्हेंडरने ती किती कापली तेही त्याच ओळीत विचारायचं.

पाचवा प्रश्न फ्रेमचा आहे. हा पुष्कळ जण विसरतात, आणि पुढे पस्तावतात. सध्याच्या फ्रेममध्ये आणखी किती प्लेटा बसतील? संकलन वाढलं, किंवा मार्जिन कमी पडलं, तर फक्त प्लेटा आणि गॅस्केट घेऊन भागेल की पूर्ण यंत्र बदलावं लागेल, ते या एका उत्तरावर ठरतं.

थंड पाण्याच्या तापमानावर एवढा जोर का? एका अंशाने काय बिघडतं?

थंड टोकाला आपल्याकडे मुळात तीनच अंशांची फट आहे. पाणी १ ऐवजी २ अंशांचं आलं तर ती फट दोनवर येते आणि एलएमटीडी १०.१ वरून ८.६ वर उतरते. तेच काम करायला सतरा-अठरा टक्के जास्त क्षेत्रफळ लागेल. पाणी ३०,००० ऐवजी २०,००० लिटरच मिळालं, तरी जवळपास तेवढाच फटका बसतो, कारण मग पाणी १५.८ अंशांवर बाहेर पडतं आणि गरम टोकाची फट कमी होते.

पुण्यात बसून १ अंश धरणं सोपं आहे. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, दिवसा वोल्टेज पडतं, रात्री बर्फ पुरता जमत नाही, आणि सकाळच्या संकलनाच्या शेवटच्या तासाला टाकीतलं पाणी १ अंशावर नसतंच. ऑपरेटर 'पानी थंड नही शे, भाऊ' म्हणतो तेव्हा तो थर्मामीटर न लावताही बरोबर असतो. म्हणून आपल्याच टाकीचं पाणी संकलनाच्या शेवटी किती अंशांचं असतं ते आधी मोजा, आणि तोच आकडा ईमेलमध्ये लिहा. आपल्या उदाहरणात तो २ निघाला.

याची दुसरी बाजू यंत्र बसल्यावर दिसते. समजा दूध ४ ऐवजी ५.८ अंशांवर येतंय. हे दोन कारणांनी होऊ शकतं. प्लेटा मळल्या आणि यू-व्हॅल्यू ३,००० वर आली, तर ९ चौरस मीटरवर दूध ५.७-५.८ अंशांना येतं. प्लेटा लख्ख आहेत पण पाणी ३ अंशांचं येतंय, तरीही दूध ५.८ अंशांनाच येतं. दुधाचा थर्मामीटर दोन्ही वेळी एकच आकडा दाखवतो. फरक पाण्याच्या बाजूला कळतो: पहिल्या वेळी पाणी साधारण १०.३ अंशांवर बाहेर पडतं, दुसऱ्या वेळी १२.३ वर. व्हेंडरने कोणतं तापमान धरलं होतं हे कागदावर नसेल, तर तो पाण्याकडे बोट दाखवणार, आपण प्लेटांकडे, आणि भांडण मिटणार नाही.

फाउलिंग फॅक्टर मागावा का? कॉलेजात तर तो पहिला शिकवला.

जपून. कॉलेजातल्या तक्त्यांमधले फाउलिंगचे आकडे बहुतेक शेल-अँड-ट्यूबसाठीचे असतात. प्लेट एक्स्चेंजरमध्ये द्रव नालीदार वाहिन्यांतून घुसळत जातो, त्यामुळे मळ कमी बसतो. ०.०००२ हा एरवी साधा वाटणारा आकडा इथे टाकला, तर ३,८०० ची यू-व्हॅल्यू सुमारे २,१६० वर येते, आणि क्षेत्रफळ पाऊणपट वाढवावं लागतं. व्हेंडर आनंदाने तेवढ्या प्लेटा विकेल. पण जास्त प्लेटांमुळे वाहिन्यांतला वेग पडेल, आणि वेग पडला की मळ जास्त बसेल. ज्यासाठी जागा ठेवली, तेच ओढवून घ्यायचं.

त्याऐवजी टक्क्यांत मार्जिन मागा. या कामाला १० ते १५ टक्के मला योग्य वाटतं. दूध थंड करताना प्लेटांवर, पाश्चरायझरच्या तापवणाऱ्या भागासारखा, जळका थर बसत नाही. रोज सीआयपी, म्हणजे यंत्र न उघडता आतून रसायनांनी धुणं, होत असेल तर याहून जास्त मार्जिनची गरज नाही.

प्रत्यक्ष ईमेल कसा असतो? एक नमुना द्या ना.

खालचा नमुना वरच्याच उदाहरणाचा आहे. विषयाच्या ओळीत कोटेशन क्रमांक आणि तारीख घाला, नाहीतर व्हेंडरकडे तो ईमेल चुकीच्या फाइलमध्ये जातो.

> विषय: दूध प्लेट चिलर, १०,००० लिटर/तास – आपलं कोटेशन क्र. ____, दि. ____ याबाबत तांत्रिक माहिती हवी
>
> नमस्कार साहेब,
>
> आपलं कोटेशन मिळालं, आभारी आहे. तांत्रिक तपासणी माझ्याकडे आहे. आमच्या पहिल्या चौकशीत थंड पाण्याची माहिती दिलेली नव्हती, ती खाली देत आहे.
>
> दूध: १०,००० लिटर/तास, आत ३५ अंश, बाहेर ४ अंश.
> थंड पाणी: ३०,००० लिटर/तास. तापमान संकलनाच्या सुरुवातीला १ अंश, शेवटी २ अंश. आम्ही टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर मोजलं आहे.
> दुधाच्या बाजूला प्रेशर ड्रॉप जास्तीत जास्त १.४ बार. सध्याचा पंप आणि पुढची पाइपलाइन तीच राहणार आहे.
> सीआयपी रोज: कॉस्टिक ७५ अंशांपर्यंत, नायट्रिक अॅसिड ६५ अंशांपर्यंत.
>
> कोटेशनमध्ये ५२ प्लेटा दिल्या आहेत. त्या संदर्भात कृपया पुढील माहिती द्यावी:
>
> १) ५२ प्लेटांचा हिशोब करताना थंड पाण्याचं तापमान आणि प्रवाह किती धरला होता? उष्णता वहनाचं एकूण क्षेत्रफळ किती?
> २) स्वच्छ प्लेटांची यू-व्हॅल्यू आणि डिझाइनची यू-व्हॅल्यू, दोन्ही स्वतंत्रपणे.
> ३) दूध आणि पाणी, दोन्ही बाजूंचा प्रेशर ड्रॉप.
> ४) दोन्ही बाजूंचे पास किती, आणि त्यासाठी एलएमटीडीत सुधारणा केली असल्यास किती?
> ५) याच फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती प्लेटा बसतील?
>
> तसंच, वर दिलेल्या आमच्या आकड्यांवर, १० टक्के मार्जिन धरून, आपली थर्मल डेटाशीट द्यावी. प्लेटांची संख्या बदलणार असेल तर सुधारित किंमत खरेदी विभागाला स्वतंत्रपणे कळवावी, मला त्याची प्रत नको.
>
> आमची तांत्रिक तुलना पुढच्या शुक्रवारी पूर्ण करायची आहे, त्यामुळे बुधवारपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल. काही शंका असेल तर फोन करावा, मी सकाळी संकलन संपल्यावर टेबलावर असते.
>
> आपली,
> कनिष्ठ अभियंता, प्रकल्प विभाग
> प्रत: विभागप्रमुख, खरेदी विभाग

यात दोन जागा नीट पाहा. 'आमच्या चौकशीत माहिती दिलेली नव्हती' हे वाक्य समोरच्याला वाट करून देतं. त्याने स्वतःच्या मनाने आकडे धरले हे त्याला लपवावं लागत नाही, म्हणून तो खरं सांगतो. आणि प्रश्न पहिला व शेवटची मागणी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत: आधी 'तुम्ही काय धरलं होतं', मग 'आता आमच्या आकड्यांवर करून द्या'. दोन्ही एकत्र केलं तर जुनं गृहीतक कधीच कळत नाही, फक्त नवी शीट येते.

मी काढलेली ३,८०० ची यू-व्हॅल्यू ईमेलमध्ये लिहू का? व्हेंडरला कळेल की आपण हिशोब केलाय.

नको. ती आपल्या वहीत राहू द्या. लिहिली की उत्तरात तीच परत येते, आणि पडताळायला काही उरत नाही. आपल्या प्लँटची परिस्थिती पूर्ण उघड करायची, आपलं अनुमान मात्र हातचं राखायचं. त्याचा आकडा आपल्या आकड्याजवळ स्वतंत्रपणे आला, तरच त्याला काही वजन आहे.

'ही माहिती आमची गोपनीय आहे, प्रोग्रामचं आउटपुट देता येत नाही' असं उत्तर आलं तर?

अर्धं बरोबर आहे. प्लेटवरच्या नालीचा कोन, त्या प्लेटची उष्णता वहनाची सूत्रं, प्रोग्रामच्या आतलं गणित, हे त्याचं भांडवल आहे आणि ते मागूही नये. मागितलं तर आपण नवखे आहोत एवढंच कळतं. पण प्रवाह, तापमानं, क्षेत्रफळ, पास, यू-व्हॅल्यू आणि प्रेशर ड्रॉप ही त्याने विकायला काढलेल्या यंत्राची वैशिष्ट्यं आहेत. लिहा: 'प्रोग्रामचं आउटपुट नको, आपल्या लेटरहेडवर एका पानाची डेटाशीट चालेल.' यानंतरही नकार आला, तर तुलनेच्या तक्त्यात त्या रकान्यात 'माहिती दिली नाही' असं लिहून तक्ता वर पाठवा. निर्णय तुमच्या पायरीवर घ्यायचा नाही.

उत्तर आलं. ते कसं वाचायचं?

आपल्या उदाहरणात असं उत्तर आलं: पाणी १ अंश, ३०,००० लिटर, क्षेत्रफळ ९ चौरस मीटर, स्वच्छ यू-व्हॅल्यू ३,८००, डिझाइन यू-व्हॅल्यू ३,८००, दुधाच्या बाजूचा प्रेशर ड्रॉप १.९ बार, दोन्ही बाजूंना सारखेच पास, त्यामुळे एलएमटीडीत कपात नाही, फ्रेममध्ये ८० पर्यंत प्लेटा बसतील.

आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणजे कुणी काही रचलेलं नाही. पण दोन्ही यू-व्हॅल्यू सारख्या, म्हणजे मार्जिन शून्य. पहिल्या दिवशी, कोऱ्या प्लेटांवर, १ अंशाच्या पाण्यावर ४ अंश मिळतील. त्यानंतर नाही. आणि १.९ बार दाब म्हणजे सुमारे १९ मीटरचं हेड नुसतं चिलरमध्येच खर्च होणार. या केंद्रावरचा जुना पंप त्या प्रवाहाला जेमतेम २० मीटर देतो. पुढे सायलोपर्यंत दूध चढवायला काही उरतच नाही. ऑपरेटर मग बायपास थोडा उघडतो किंवा प्रवाह कमी होऊ देतो, आणि तासाला १०,००० लिटरचं यंत्र आठ हजारांवर चालतं.

सुधारित ऑफर ६४ प्लेटांची आली. इथे नवखा माणूस फसतो. कामाच्या प्लेटा ५० वरून ६२ झाल्या, क्षेत्रफळ ११.१६ चौरस मीटर, म्हणजे २४ टक्के जास्त, म्हणून मार्जिन २४ टक्के असं तो लिहून टाकतो. तसं नसतं. पास तेवढेच ठेवून प्लेटा वाढवल्या की तेवढंच दूध जास्त वाहिन्यांत विभागलं जातं, वेग साधारण १९ टक्क्यांनी कमी होतो, आणि स्वच्छ यू-व्हॅल्यू ३,८०० वरून ३,३५० च्या जवळ उतरते. १ अंशाच्या पाण्यावर गरज आहे ३,०६० ची. म्हणजे खरं मार्जिन निघतं नऊ-दहा टक्के. वेग कमी झाल्याचा फायदा प्रेशर ड्रॉपला मिळतो, तो १.९ वरून १.३ बारपर्यंत येतो आणि पंपाचा प्रश्न सुटतो.

आता संकलनाच्या शेवटी पाणी २ अंशांचं असताना काय होईल? स्वच्छ प्लेटांवर दूध साधारण ४.४ अंशांना निघेल. हे चालेल की नाही, हा प्रश्न व्हेंडरचा नाही. केंद्रप्रमुखांनी 'शेवटचा तास ४.४ चालेल' म्हटलं तर ६४ प्लेटा घ्या. नाही म्हटलं, तर फ्रेममध्ये अजून १६ प्लेटांची जागा आहे, किंवा आइस बँक वाढवायची. मी स्वतः आधी आइस बँकेकडे बघेन, कारण थंड टोकाची फट दोनच अंशांची असताना प्लेटा कितीही घातल्या तरी प्रत्येक पुढची प्लेट मागच्यापेक्षा कमीच काम करते.

गॅस्केट आणि प्लेटांचं मटेरियल विचारायचं राहिलं ना?

ते कोटेशनमध्येच होतं. नायट्राइल गॅस्केट दुधातल्या स्निग्धांशाला चालतं, आणि वर लिहिलेल्या सीआयपीच्या तापमानांनाही चालतं. त्यासाठीच सीआयपीची ओळ ईमेलमध्ये घातली आहे, म्हणजे 'आम्हाला सांगितलं नव्हतं' असं नंतर म्हणायला नको. ईपीडीएम उष्णता जास्त सोसतं, पण तूप-तेलात फुगतं, एवढं लक्षात ठेवा. पाणी बोअरचं असेल तर क्लोराइडचा लॅब रिपोर्ट जोडा. एसएस ३१६ ला एवढ्या थंड पाण्यात सहसा त्रास नसतो, तो धोका कोमट आणि गरम पाण्यात वाढतो.

दुसऱ्या व्हेंडरची डेटाशीट आली आहे. ती पहिल्याला दाखवली तर काम लवकर होईल?

अजिबात दाखवायची नाही. आकडेही नाही, प्लेटांची संख्याही नाही, तोंडीसुद्धा नाही. दोघांना आपल्याकडचे सारखे आकडे द्या आणि सारखेच पाच प्रश्न विचारा, तुलना आपोआप होते.

खरेदी विभाग म्हणतो, 'कशाला ईमेल, भाऊला फोन लाव, दोन मिनिटांत सांगतो.'

फोन जरूर लावा. पुष्कळ वेळा खरं कारण फोनवरच कळतं: 'मॅडम, किंमत बसवायची होती म्हणून मार्जिन काढलं.' पण फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा ईमेल टाका: 'आत्ताच्या बोलण्याप्रमाणे ५२ प्लेटांत मार्जिन शून्य आहे, असं मी समजते. वेगळं असेल तर कळवावं.' बोललेलं तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही, आणि तोवर तो सेल्सवाला दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

ईमेल मराठीत लिहिला तर चालतो का?

समोरचा मराठी असेल तर खुशाल. आकडे आणि एकक स्पष्ट असले की भाषेने काही अडत नाही. डेटाशीट मात्र बहुधा इंग्रजीतच येते, तिचा अनुवाद करत बसू नका.

बुधवार उलटून गेला, उत्तर नाही. किती वाट बघायची?

गुरुवारी सकाळी त्याच ईमेलच्या धाग्यावर एक ओळ टाका, नवा ईमेल नको, म्हणजे पाचही प्रश्न खाली दिसत राहतात. दुपारी फोन. वेळ कमी असेल तर पाचातले दोनच मागा: पाण्याचं धरलेलं तापमान आणि दोन्ही यू-व्हॅल्यू. बाकीचे तीन ऑर्डरनंतर, ड्रॉइंग मंजुरीच्या वेळी घेता येतात. हे दोन ऑर्डरनंतर मिळाले तर किंमत बदलायची सोय राहत नाही. आणि ऑर्डर निघताना अंतिम डेटाशीट परिशिष्ट म्हणून जोडली आहे का, ते खरेदी विभागाकडे जाऊन स्वतः बघा, तिच्यावर तारीख आणि प्लेटांची सुधारित संख्या आहे का तेही.